एक प्रश्न, तीन उत्तरं: उपस्पर्शिका कायम ३ असणारा वक्र नेमका कोणता?

ओसरी

भाची एफवायबीएस्सीला आहे. तिच्या क्लासच्या सराव पेपरात हा प्रश्न होता: "ज्या वक्राच्या प्रत्येक बिंदूपाशी उपस्पर्शिकेची लांबी ३ आहे आणि जो (0, 2) या बिंदूतून जातो, असा वक्र शोधा."

तिने y = 2e^(-x/3) लिहिलं. तपासणाऱ्याने लाल रेघ मारून शून्य गुण दिले. क्लासच्या उत्तरांत y = 2e^(x/3) आहे. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली, म्हणून मी तीस वर्षांनी पेन हातात घेतलं, तर माझं उत्तर आलं y² = 6x + 4. आता घरात एका प्रश्नाची तीन उत्तरं आहेत आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीकडे संशयाने बघितलं जातंय. मी असं केलं:

```
y · dy/dx = 3
y dy = 3 dx
y²/2 = 3x + c,  (0,2) घातल्यावर c = 2
y² = 6x + 4
```

यात चूक कुठे आहे?

---

पाटीपेन्सिल

ओसरीकाका, गणित बरोबर आहे, पण ते भलत्याच प्रश्नाचं आहे. तुम्ही सबनॉर्मल स्थिर धरलंत. आमच्या वेळी हे दोघं जुळ्या भावांसारखे एकाच पानावर असायचे आणि परीक्षेत हमखास अदलाबदल व्हायची.

सूत्र आठवायच्या भानगडीत न पडता चित्र काढा. वक्रावर एक बिंदू P घ्या. त्यातून खाली x-अक्षावर लंब टाका, त्याचा पाय M. P पाशी स्पर्शिका काढा, ती अक्षाला जिथे छेदते तो बिंदू T. आता डोक्यावर सूर्य आहे असं समजा. PT या तुकड्याची अक्षावर जी सावली पडते, ती TM, तीच उपस्पर्शिका. PM ची उंची y. काटकोन त्रिकोण PTM मध्ये चढ म्हणजे उंची भागिले सावली. म्हणजे dy/dx = y/TM. TM तीन असेल तर dy/dx = y/3. संपलं.

तुमचं y·dy/dx स्पर्शिकेऐवजी तिला लंब असलेल्या रेषेच्या सावलीचं आहे. ती सावली स्थिर असणारा वक्र अन्वस्तच, तो तुम्ही अचूक काढलात.

---

ओसरी

म्हणजे निदान अन्वस्त तरी बरोबर. पण सूत्र चुकलंय हे उत्तर बघून कळायला हवं होतं ना? मला कळलंच नाही.

---

पाटीपेन्सिल

कळतं, दोन बिंदू घेऊन. तुमच्या वक्रावर (0, 2) पाशी चढ 3/2. सावली = 2 ÷ 3/2 = 4/3. तीन यायला हवी होती, इथेच गाडी अडली. दुसरा बिंदू (2, 4): चढ 3/4, सावली 4 ÷ 3/4 = 16/3. स्थिर तर सोडाच, भराभर वाढतेय.

गंमत म्हणजे तुमच्या वक्रात या वाढण्यालाही शिस्त आहे. अन्वस्ताचा शिरोबिंदू x = -2/3 वर आहे. बिंदूचं तिथपासूनचं आडवं अंतर मोजा आणि दुप्पट करा, उपस्पर्शिका मिळते. (2, 4) साठी 2 + 2/3 = 8/3, दुप्पट 16/3. ग्रीकांना हे ठाऊक होतं, कलनशास्त्राच्या कितीतरी आधी. म्हणून वक्र दिला तर स्पर्शिका काढणं हा जुना धंदा. स्पर्शिकेची खोड सांगून वक्र मागणं हा उलटा प्रश्न, आणि त्याने मोठमोठ्यांना घाम फोडला.

---

डेक्कनची_राणी

मला वाटतं भाचीचं उत्तर चूकच आहे. dy/dx = y/3 वरून dy/y = dx/3, म्हणून ln y = x/3 + c, म्हणून y = 2e^(x/3). यात ऋण चिन्ह येणार कुठून? तिने संकलन करताना चिन्ह चुकवलं असणार. आमच्या क्लासमध्ये निम्मी मुलं तेच करतात.

---

पाटीपेन्सिल

राणीताई, घाई होतेय. प्रश्नात "लांबी ३" म्हटलंय. T हा बिंदू M च्या डाव्या बाजूला की उजव्या, ते कुठे सांगितलंय? वक्र चढता असेल तर T डावीकडे पडतो, उतरता असेल तर उजवीकडे. दोन्हीकडे अंतर ३ च. म्हणून खरं समीकरण dy/dx = ± y/3.

भाचीच्या वक्राची तपासणी: (0, 2) पाशी चढ -2/3. स्पर्शिका y = 2 - 2x/3 अक्षाला x = 3 वर छेदते. सावली ३. दुसरा कुठलाही बिंदू घ्या, तेच. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. शून्य द्यायचं काहीच कारण नव्हतं.

---

डेक्कनची_राणी

पण पुस्तकात उपस्पर्शिका = y ÷ dy/dx असंच असतं, मानचिन्हाशिवाय. मग ती राशी चिन्हासकट +3 असं धरलं, तर एकच उत्तर येतं. पेपर काढणाऱ्याने तसंच धरलं असणार.

---

पाटीपेन्सिल

धरलं असेल तर "लांबी" हा शब्द वापरायचा नव्हता. उणे लांबी मी अजून बघितली नाही.

---

डेक्कनची_राणी

काही पुस्तकं चिन्हासकट देतात, काही मानचिन्हात. एवढंच म्हणतेय. शून्य गुण देणं मलाही पटत नाही, पण "दोन्ही लिहा" असं म्हणायला हवं होतं. भाचीनेही एकच लिहिलंय ना?

---

ओसरी

हा मुद्दा बिनतोड आहे. तिला वाचून दाखवला, तिने दार आपटलं.

---

शिट्टी_तिसरी

मला प्रश्न वेगळाच वाटला. स्पर्शिकेची लांबी स्थिर, म्हणजे मुलं दोरीला खेळण्यातली गाडी बांधून ओढतात तसं ना? माझा नातू ओट्याच्या कडेने सरळ चालतो आणि गाडी बाजूने वळत वळत त्याच्या मागे येते. दोरीची लांबी तीच, आणि गाडीचं तोंड कायम दोरीच्या दिशेने. तो वक्र कोणता?

---

पाटीपेन्सिल

काकू, तुमचा वक्र याचा चुलतभाऊ, पण हा नव्हे. इथे सावली TM स्थिर आहे. तुमच्याकडे दोरी, म्हणजे PT हा तिरका तुकडा स्थिर आहे. कर्ण a, उंची y, तर सावली √(a² - y²). समीकरण dy/dx = -y/√(a² - y²). गाडी ओट्यापासून लांब असताना दोरी ओट्याशी जवळजवळ काटकोनात असते, म्हणून गाडी झपकन आत येते. जवळ आल्यावर सावली जवळजवळ दोरीइतकीच होते, म्हणजे शेवटी शेवटी तुमचा वक्र आमच्या वक्रासारखाच वागायला लागतो.

हाच प्रश्न सतराव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद पेरो नावाच्या गृहस्थांनी विचारला होता. खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवायचे आणि साखळीचं टोक टेबलाच्या कडेने ओढायचे. नातवाची गाडी त्याच घराण्यातली.

---

शिट्टी_तिसरी

घड्याळाचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मात्र शेवटी गाडी ओट्याला धडकते.

---

पाटीपेन्सिल

गणितातली कधीच धडकत नाही, कारण तिला रुंदी नसते.

---

कोपराकोन

मूळ प्रश्नावर परत. मला वाटतं उत्तरं दोनच नाहीत. डाव्या बाजूला 2e^(-x/3) आणि उजव्या बाजूला 2e^(x/3) असं जोडलं तर? (0, 2) वर दोन्ही भेटतात. प्रत्येक बिंदूवर सावली ३. एका झटक्यात तिसरं उत्तर. उलटं जोडलं तर चौथं. आणि असे सांधे हव्या तितक्या ठिकाणी करता येतील, करवतीच्या दात्यांसारखे. मग उत्तरं अनंत झाली.

---

पाटीपेन्सिल

छान विचार, पण (0, 2) पाशी टोक येतं. डावीकडून चढ -2/3, उजवीकडून +2/3. त्या टोकाला स्पर्शिका कुठली? स्पर्शिका नाही तर उपस्पर्शिका नाही, आणि प्रश्न "प्रत्येक बिंदूपाशी" म्हणतो.

टोक घासून गुळगुळीत करू म्हणालात, तर तेही होत नाही. चढ +y/3 वरून -y/3 वर न तुटता जायचा तर मध्ये कुठेतरी शून्य व्हावा लागेल. चढ शून्य म्हणजे स्पर्शिका आडवी, ती अक्षाला छेदतच नाही, सावली अमर्याद. म्हणून एकदा चढायला लागलेला वक्र कायम चढतो, उतरणारा कायम उतरतो. (0, 2) मधून जाणारे खरे वक्र दोनच.

---

कोपराकोन

मान्य. पण मग y = 0 हे उत्तर कुठे गेलं? dy/dx = y/3 मध्ये y = 0 घातलं तर समीकरण तर जुळतं.

---

पाटीपेन्सिल

समीकरण जुळतं, भूमिती जुळत नाही. अक्ष स्वतःच वक्र असेल तर स्पर्शिकाही अक्षच, छेदबिंदू कुठला धरणार? समीकरण मांडताना आपण भूमितीतली एक अट चुपचाप टाकून दिली, म्हणून ते जास्तीचं उत्तर शिरलं. y ने भागताना ते आपोआप बाहेर पडलं. यावेळी नशीब चांगलं होतं. उलटंही होतं, भागताना खरं उत्तर हरवतं. म्हणून शेवटी कागदावर सावली मोजायचीच.

---

सर्किटवाला

मी गणितवाला नाही, दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. पण हा धागा वाचून एकदम ट्यूब पेटली. अहो, हे तर आमचं आरसी सर्किट आहे!

१००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ९ व्होल्टला चार्ज करायचा आणि १० किलोओमच्या रेझिस्टरमधून रिकामा करायचा. आर गुणिले सी = १० सेकंद. आम्हाला आयटीआयमध्ये सांगितलं होतं, "सुरुवातीच्या बिंदूला स्पर्शिका काढा, ती शून्याच्या रेषेला जिथे लागेल तो टाइम कॉन्स्टंट." मी इतकी वर्षं समजत होतो की हे सुरुवातीच्या बिंदूपुरतंच आहे. म्हणजे कुठल्याही बिंदूला स्पर्शिका काढली तरी ती बरोबर १० सेकंद पुढेच शून्याला लागणार?

---

पाटीपेन्सिल

हो! आरसी म्हणजेच उपस्पर्शिका. भाचीचा उतरता वक्र तुमच्या टेबलावर रोज निघतो, आणि क्लासवाले त्याला शून्य देतात.

---

सर्किटवाला

पण एक अडचण. चार्ज होतानाचा आलेख काढला तर हे चालत नाही. ९ व्होल्टच्या सप्लायवर दर ५ सेकंदांनी हिशोबाने असं यायला हवं: ०, ३.५४, ५.६९, ६.९९, ७.७८. याची स्पर्शिका खाली नेली तर सावली कधी छोटी, कधी मोठी.

---

पाटीपेन्सिल

कारण तुम्ही चुकीच्या रेषेवर सावली पाडताय. तो वक्र ९ व्होल्टच्या रेषेकडे धावतोय. सावली त्या रेषेवर पाडा. प्रत्येक आकडा ९ मधून वजा करा: ९, ५.४६, ३.३१, २.०१, १.२२. हा तुमचा डिस्चार्जचाच आलेख. आता शेजारच्या आकड्यांची भागाकारं घ्या, प्रत्येक वेळी साधारण ०.६१.

स्थिर उपस्पर्शिकेची ओळख हीच: सारखी आडवी पावलं टाका, उंची दरवेळी त्याच पटीत बदलते. स्पर्शिका हाताने काढायची तर डोळ्याचा अंदाज चुकतो, भागाकार चुकत नाही. भागाकार सरकत असेल तर दोनच शक्यता: एक तर वक्र तो नाही, किंवा रेषा चुकीची धरलीय.

---

सर्किटवाला

हे सोन्यासारखं सांगितलंत. रेझिस्टरच्या जोडीला एलईडी लावला की आलेख शून्याकडे न जाता वरच रेंगाळतो, तेव्हा मी "कपॅसिटर खराब" म्हणून दोनदा बदललाय. तो एलईडीच्या व्होल्टेजच्या आसपास अडकत असणार.

---

पाटीपेन्सिल

असणार. पण तिथे रेषा पक्की नसते, करंट कमी झाला की एलईडीचं व्होल्टेजही थोडं खाली सरकतं. म्हणून वजाबाकी करूनही भागाकार पूर्ण स्थिर मिळणार नाही.

---

जुनीवही

राहवत नाही म्हणून लिहिते. "कुठल्या रेषेवर सावली" हाच या प्रश्नाच्या जन्माचा किस्सा आहे.

१६३८ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या फ्लोरिमाँ द बोन यांनी स्पर्शिकेच्या गुणधर्मावरून वक्र शोधायचा प्रश्न मांडला. आजच्या भाषेत तो dy/dx = (x - y)/a असा होतो. देकार्तने १६३९ च्या फेब्रुवारीत त्यांना उत्तर लिहिलं. वक्र दोन रेषांच्या हालचालीतून कसा बनतो ते त्याने वर्णन केलं, पण समीकरण देऊ शकला नाही. देऊ शकणारही नव्हता, कारण त्याच्या भूमितीत x आणि y च्या घातांनी मांडता येणारेच वक्र बसत होते आणि हा त्यातला नव्हता.

मग १६८४ मध्ये लायब्निट्सने कलनशास्त्रावरचा आपला पहिला लेख छापला, आणि त्याच्या शेवटी नवी पद्धत काय करू शकते हे दाखवायला हाच प्रश्न घेतला. त्याने तो स्थिर उपस्पर्शिकेवर आणला आणि म्हटलं, हा लॉगचा वक्र.

तो "आणला" कसा, ते बघा. सावली तिरक्या रेषेवर पाडायची. y = x - a ही रेषा घ्या आणि वक्राची तिच्यापासूनची उभी उंची मोजा. w = y - x + a. मग

```
dw/dx = dy/dx - 1 = (x - y)/a - 1 = -(y - x + a)/a = -w/a
```

हे ओसरींच्या भाचीचंच समीकरण, फक्त अक्ष तिरका. सर्किटवाल्यांनी ९ वजा केले, लायब्निट्सने एक तिरकी रेषा वजा केली.

---

डेक्कनची_राणी

वा! हे मला कुणी शिकवलंच नाही. आम्ही हे समीकरण इंटिग्रेटिंग फॅक्टरने सोडवायचो आणि पुढे जायचो.

---

कोपराकोन

पण १६८४ मध्ये e हे अक्षर कुठे होतं? मग त्याने "सोडवलं" म्हणजे काय केलं?

---

जुनीवही

e ने लिहायची पद्धत नंतरची, बरोबर. त्याचा युक्तिवाद वर पाटीपेन्सिल सरांनी सांगितला तोच होता. dx सारखे घेत जायचे. उंचीतली वाढ उंचीच्या प्रमाणात आहे, म्हणून x बेरजेच्या श्रेणीत चालतो तेव्हा उंची गुणाकाराच्या श्रेणीत चालते. लॉगचे तक्ते तेव्हा सत्तर वर्षं वापरात होते, त्यामुळे दोन श्रेणींची अशी जोडी म्हणजे काय ते वाचणाऱ्याला लगेच कळायचं. समीकरण "सोडवणं" म्हणजे ओळखीच्या वस्तूपर्यंत नेऊन पोचवणं.

---

ओसरी

हे मी काल रात्री आलेख कागदावर प्रत्यक्ष करून बघितलं, भाचीला समजावायला. उपस्पर्शिका ५ सेंटीमीटर धरली, कारण ३ मध्ये हात अवघडतो. पहिला बिंदू २ सेंटीमीटर उंचीवर. त्याच्या पायापासून ५ सेंटीमीटर मागे अक्षावर खूण, तिथून बिंदूतून पट्टी लावून अर्धा सेंटीमीटर पुढे रेघ. नव्या बिंदूपासून पुन्हा ५ मागे, पुन्हा अर्धा पुढे. अशी दहा पावलं टाकली, म्हणजे बरोबर एक उपस्पर्शिका इतकं पुढे गेलो. सूत्राप्रमाणे उंची 2e म्हणजे ५.४४ यायला हवी. माझी आली ५.२. पुन्हा काढलं, पुन्हा ५.२. पट्टी चुकते की मी?

---

पाटीपेन्सिल

दोघंही नाही. प्रत्येक पावलात समरूप त्रिकोणांमुळे उंची 5.5/5 म्हणजे १.१ पट होते. दहा पावलांनी 1.1^10 = २.५९४. दोनने गुणा, ५.१९. तुमचा हात चांगलाच स्थिर आहे.

खरा वक्र प्रत्येक पावलात स्पर्शिकेच्या वर वाकतो आणि तुम्ही स्पर्शिकेवरून सरळ चालता, म्हणून दरवेळी थोडे खाली राहता. पाव सेंटीमीटरची वीस पावलं टाकलीत तर 1.05^20 = २.६५३. शंभर पावलं टाकली तर २.७०५. पावलं लहान करत न्यावी तसं e कडे सरकतं, पण पेन्सिलीची जाडी कधी ना कधी आडवी येणारच.

---

ओसरी

तिला हे दाखवल्यावर दार उघडलं. आता तिला सर्किटवाल्यांचा प्रयोग करायचाय. माझ्याकडे जुना काट्याचा मल्टिमीटर आहे, तो चालेल ना?

---

सर्किटवाला

चालेल, पण काट्याचा मीटर स्वतःही करंट खातो. १० व्होल्टच्या रेंजवर त्याचा आतला रेझिस्टन्स २०० किलोओम वगैरे असला, तर तो तुमच्या १० किलोओमला समांतर बसतो आणि एकूण साडेनऊच्या आसपास होतो. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १००० लिहिलेलं असलं तरी वीस टक्के इकडेतिकडे असतो. त्यामुळे बरोबर १० सेकंद येण्याची वाट बघू नका. भागाकार स्थिर येतोय का तेवढं बघा. आणि कपॅसिटरची उणे बाजू नीट बघून जोडा, उलटा लावला तर फुगतो.

---

ओसरी

केलं. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन दर ५ सेकंदांचे आकडे वाचले:

```
0 s    9.2
5 s    5.9
10 s   3.8
15 s   2.5
20 s   1.7
```

भागाकार: ०.६४१, ०.६४४, ०.६५८, ०.६८०. स्थिर नाहीत, चढताहेत. भाची म्हणते लायब्निट्स चुकला.

---

पाटीपेन्सिल

भाचीला सांगा, आधी रेषा तपास. भागाकार हळूहळू वाढताहेत, म्हणजे वक्र शून्याकडे न जाता शून्याच्या थोड्या वरच्या रेषेकडे जातोय. सर्किट पूर्ण सोडवलं आणि मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावल्या तर काटा कुठे थांबतो?

---

ओसरी

अरे देवा. ०.२ वर. वडिलांच्या काळापासूनचा मीटर आहे, मधला स्क्रू फिरवून शून्य करायचं असतं हे विसरलोच.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांतून ०.२ वजा करा: ९.०, ५.७, ३.६, २.३, १.५. भागाकार ०.६३३, ०.६३२, ०.६३९, ०.६५२. बरेच सुधारले. यातला पहिला धरून उपस्पर्शिका -5/ln 0.633, साधारण १०.९ सेकंद.

काटा न बघता, निव्वळ आकड्यांवरूनही रेषा शोधता येते. सारख्या अंतरावरचे तीन आकडे p, q, r घ्या. रेषेची उंची b वजा केल्यावर भागाकार सारखे यायला हवेत, म्हणजे (q - b)² = (p - b)(r - b). यातून

```
b = (p·r - q²) / (p + r - 2q)
```

तुमचे ०, १० आणि २० सेकंदांचे: (9.2 × 1.7 - 3.8²) ÷ (9.2 + 1.7 - 7.6) = 1.20 ÷ 3.3 = 0.36.

---

कोपराकोन

काटा म्हणतो ०.२, आकडे म्हणतात ०.३६. आणि ०.३६ वजा केलं तर भागाकार ०.६२७, ०.६२१, ०.६२२, ०.६२६ येतात, म्हणजे आणखी छान. मग काटा खोटा?

---

पाटीपेन्सिल

वर १५.६४ मधून १४.४४ वजा झालेत. दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी. शेवटचा १.७ हा आकडा खरा १.६६ असला तर १.२० चं ०.८३ होतं आणि b पाव व्होल्टच्या आसपास येतो. एका दशांशाच्या वाचनावर ०.२ आणि ०.३६ यांत निवाडा करता येणार नाही.

---

सर्किटवाला

किंवा काट्याचं स्केल शेवटी जरा दाटीचं असेल. डिजिटल मीटर आणा, दोन दशांश मिळतील. त्याचा आतला रेझिस्टन्सही बहुतेक १० मेगाओम असतो, १० किलोओमपुढे तो नसल्यासारखाच.

---

ओसरी

शेजाऱ्यांकडे आहे, उद्या मागतो. स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणलाय, तोवर याच्यावरच एकदा करतो. भाची म्हणतेय यावेळी २ सेकंदांनी वाचायचं.